मधूनच सुरू झालेलं वाक्य

२०१६च्या अमेरिकी निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाचा तपास रॉबर्ट म्युलर यांनी जवळपास दोन वर्षं केला आणि २२ मार्च २०१९ रोजी अहवाल सोपवला. अहवाल ४४८ पानांचा, दोन खंडांचा. दोनच दिवसांनी अॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी त्यातले मुख्य निष्कर्ष सांगणारं चार पानी पत्र संसदेला पाठवलं. अहवाल लोकांसमोर आला १८ एप्रिलला, तोही काही मजकूर झाकून. मधले साडेतीन आठवडे साऱ्या जगाने अहवाल म्हणून ही चार पानंच वाचली.

पत्रातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य अवतरणचिन्हांत होतं: ट्रम्प यांच्या प्रचारातल्या लोकांनी रशियन सरकारशी कट केल्याचं किंवा संगनमत केल्याचं तपासात सिद्ध झालं नाही. शब्द म्युलर यांचेच होते. फक्त इंग्रजी मजकुरात पहिलं अक्षर चौकोनी कंसात होतं. मूळ वाक्याच्या मध्यावर असलेलं छोटं अक्षर उद्धृत करताना मोठं केलं, तर ते असं कंसात टाकतात. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसल्यामुळे आपल्याकडे ही खूणही उरली नसती.

मूळ वाक्य आधीच सुरू झालं होतं, आणि ते ‘जरी’ने. ट्रम्प निवडून आले तर आपला फायदा आहे असं रशियन सरकारला वाटत होतं आणि त्यासाठी त्याने खटपट केली, रशियाने चोरून फोडलेल्या माहितीचा निवडणुकीत फायदा होईल अशी प्रचारातल्या लोकांचीही अपेक्षा होती, हे जरी सिद्ध झालं असलं, तरी... आणि मग ते प्रसिद्ध शब्द. म्हणजे एका वाक्यात दोन गोष्टी सिद्ध झालेल्या आणि एक न झालेली. पत्रात फक्त न झालेली आली. ‘नरो वा कुंजरो वा’चा हा प्रकार, फरक इतकाच की इथे शंखाच्या आवाजात वाक्याची सुरुवात बुडाली.

म्हणून सारांश तपासताना मी आधी त्यातली अवतरणं मूळ पानावर शोधतो आणि पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत वाचतो. जरी, मात्र, वगळता, बहुधा हे शब्द मूळ मजकुरात असतील आणि सारांशात नसतील, तर तिथे लाल पेन्सिल थांबायलाच हवी.

पुढची पायरी क्रियापदाची. ‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे काय, हे म्युलर यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं: एखादी गोष्ट सिद्ध झाली नाही असं आम्ही म्हटलं, तर तिचा काहीच पुरावा नव्हता असा अर्थ घेऊ नये. हा खुलासा पत्रात आला नाही आणि पुढे लोकांच्या बोलण्यात त्याचं सरसकट ‘काही सापडलं नाही’ झालं. लांब दस्तऐवज आपला शब्दकोश स्वतःच बाळगतो. सारांशाने शब्द घ्यायचा आणि व्याख्या मागे ठेवायची, तर शब्दाचा अर्थ पालटतो.

मत कुठे शिरतं ते दुसऱ्या खंडाच्या बाबतीत दिसतं. राष्ट्राध्यक्षांनी तपासात अडथळा आणला का, यावर म्युलर यांनी निवाडा दिला नाही. पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला भरता येत नाही ही न्याय खात्याची भूमिका त्यांनी त्यामागचं एक कारण म्हणून मांडली होती. राष्ट्राध्यक्षांनी गुन्हा केला नाही याची खात्री असती तर तसं लिहिलं असतं, असंही ते म्हणाले. पत्रात निवाडा दिला नाही हे आलं, अहवाल त्यांना दोषमुक्त करत नाही हेही आलं. हे कारण आणि ही पुस्ती मात्र आली नाही. त्यानंतर लगेच बार यांचा स्वतःचा निष्कर्ष आला: गुन्हा ठरवण्याइतका पुरावा नाही. न्यायाने बोलायचं तर, हे मत आपलं आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. पण मुख्य निष्कर्षांच्या पत्रात, अहवालाच्या पाठीला पाठ लावून ते बसलं आणि घाईत वाचणाऱ्याला शिवण दिसली नाही. अशा मजकुरात मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो, हे कोण म्हणतंय? समासात मूळ पानाचा आकडा लिहिता आला नाही, तर ते वाक्य सारांश करणाऱ्याचं.

एवढं करूनही एक उणीव राहते. सारांशातून मुळाकडे जाताना जास्तीचं सापडतं, गाळलेलं सापडत नाही. त्यासाठी उलटं, मुळाकडून यावं लागतं, आणि ते कंटाळवाणं काम आहे. दुसऱ्या खंडात ट्रम्प यांच्या वागण्याच्या दहा-एक प्रसंगांची एकेक करून छाननी होती. पत्रात त्यांतला एकही प्रसंग सांगितलेला नव्हता. पत्रातलं एकही वाक्य यामुळे खोटं ठरत नाही, पण मूळ अहवालाचं वजन कुठे होतं हे वाचणाऱ्याला कळत नाही. २७ मार्चला म्युलर यांनी बार यांना लिहिलेली तक्रार याच प्रकारची होती: आमच्या कामाचा संदर्भ, स्वरूप आणि आशय पत्रात पुरता उतरलेला नाही. त्यांच्या चमूने दोन्ही खंडांचे सारांश स्वतः लिहून ठेवले होते. ते प्रसिद्ध करा, अशी त्यांची मागणी होती. बार यांनी अहवाल तुकड्यातुकड्याने द्यायला नकार दिला आणि आपलं पत्र हा सारांश नव्हताच, अशी भूमिका घेतली.

वर्षभराने, मार्च २०२०मध्ये, झाकलेल्या मजकुराचा वाद न्यायाधीश रेजी वॉल्टन यांच्यासमोर आला. बार यांची विधानं आणि अहवाल यांच्यात त्यांना तफावत दिसली. झाकलेला भाग कायद्यानुसारच झाकला आहे, या सरकारच्या म्हणण्यावर विसंबायला ते तयार झाले नाहीत. काहीही न झाकलेली प्रत त्यांनी स्वतः वाचण्यासाठी मागवून घेतली.