देवळातलं लग्न आणि व्हिसाचा कागद

आळंदीत लग्न झालं की कार्यालयातून छापील दाखला मिळतो. जोडीदाराच्या व्हिसासाठी तेवढा पुरत नाही. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे ‘नमुना ड’ भरून द्यावा लागतो. त्यावर वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. म्हणून गुरुजींचा पत्ता आणि फोन त्याच दिवशी घेऊन ठेवा. मात्र विधीच झाले नसतील, तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह वैध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं. सप्तपदीचे फोटो म्हणूनच जपावेत. काही देशांसाठी या प्रमाणपत्रावर अपोस्टिलही लागतं. त्याआधी नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.