भिंत रंगवण्याआधी घरमालकाला पत्र

पुण्यात भाड्याचं घर घेताना बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागेत फेरबदल करू नये, असं कलम त्यात सहसा असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तरीही रंग आणि फळ्यांची गोष्ट बऱ्याचदा फोनवरच उरकते. ‘लावा हो, काही हरकत नाही’ हे वाक्य डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

समजा, कोथरूडच्या एका वन बीएचके फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जोडप्याला हॉलची एक भिंत फिकट पिवळी करायची आहे आणि पुस्तकांसाठी तीन फुटी दोन फळ्या लावायच्या आहेत. मालक ओळखीतले काका असले, तरी ‘स. न. वि. वि.’नंतर पत्राने थेट मुद्द्यावर यावं: ‘हॉलमधील खिडकीसमोरच्या भिंतीला इमल्शनचे दोन हात देऊ. त्याच भिंतीवर चार ब्रॅकेट बसवू. त्यासाठी 8 मिमीची आठ छिद्रं पडतील. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल करणार नाही. रंग आणि सुतारकामाचा खर्च आमचा.’

स्विचबोर्डचं वाक्य उगाच नाही. भिंतीत दडवलेले वायरचे पाइप बहुधा तिथूनच उभे गेलेले असतात. संडास-बाथरूमला लागून असलेली भिंतही टाळलेली बरी, कारण तिच्यात पाण्याचे पाइप असू शकतात.

खरी मेख मात्र पुढे आहे. ‘जाताना पूर्ववत करून देऊ’ एवढंच लिहिलं, तर भाडेकरूच्या मनात छिद्रात पुट्टी भरून वर रंगाचा बोळा फिरवणं असतं आणि मालकाच्या मनात नवी कोरी भिंत. छिद्रापुरता रंग लावला की तो डाग लांबूनही दिसतो. डब्यातला शेड तोच असला, तरी भिंतीवरचा जुना रंग वापराने मळलेला आणि उडालेला असतो. म्हणून वचन असं द्यावं: ‘प्लग काढून पुट्टी भरू, सुकल्यावर पॉलिशपेपरने घासू, प्रायमर लावू आणि अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मूळ रंगात रंगवू. हे काम किल्ल्या देण्याआधी होईल.’

मूळ रंग कुठला, हे मालकाला आताच विचारावं. शेडचा नंबर पत्रात उतरवून घ्यावा आणि आजच्या भिंतीचे तारखेसह फोटो जोडावेत. आधीचा रंग साधा डिस्टेंपर असेल आणि हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर तो खरवडल्याशिवाय इमल्शन टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तेव्हा खरवडण्याचीही परवानगी मागावी.

कधी मालक म्हणतात, ‘फळ्या छान आहेत, राहू द्या.’ तेही त्यांच्या सहीने पत्राच्या प्रतीवर यावं. फळ्यांचे पैसे मिळणार की नाहीत आणि भिंत तरीही रंगवायची का, हे दोन्ही तिथेच लिहून घ्यावं.