शिल्लक हाताने लिहू नका

हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंची एल्बो संपतो, तेव्हा बहुतेक वेळा एक्सेलच्या शीटमध्ये तो भरपूर असतो. शिल्लक हाताने बदलत गेलो की असं होतं. १५० खोडून १२० लिहिलं, पण ते ३० कुठे गेले हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून शिल्लक कधी लिहायचीच नाही. फक्त मालाची हालचाल लिहायची आणि शिल्लक सूत्राने काढायची.

'नोंद' नावाच्या शीटमध्ये पाच रकाने पुरतात: A मध्ये तारीख, B मध्ये मालाचा कोड, C मध्ये आवक, D मध्ये जावक आणि E मध्ये शिल्लक. E2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढायचं:

```
=SUMIFS(C$2:C2,B$2:B2,B2)-SUMIFS(D$2:D2,B$2:B2,B2)
```

सगळी खुबी त्या `$` चिन्हात आहे. सूत्र खाली जातं तशी श्रेणीची सुरुवात दुसऱ्या ओळीवर खिळलेली राहते आणि शेवट पुढे सरकतो. त्यामुळे प्रत्येक ओळीत त्याच मालाची त्या ओळीपर्यंतची शिल्लक दिसते, मग मधे इतर शंभर वस्तूंच्या नोंदी असल्या तरी बिघडत नाही. एल्बोची आरंभीची शिल्लक १५० आवक म्हणून लिहिली, पुढे ३० आणि २४ विकले, तर त्या ओळींत १२० आणि ९६ येतील.

आता मागवायचं कधी? रोज सरासरी १२ एल्बो खपतात आणि माल यायला पाच दिवस लागतात, म्हणजे ६० हवेतच. गाडी उशिरा आली तर हाताशी असावेत म्हणून आणखी तीन दिवसांचे ३६ धरले, की रीऑर्डर पातळी ९६ होते. दुसऱ्या शीटमध्ये प्रत्येक मालाची एकच ओळ असते: A मध्ये कोड, B मध्ये एकूण शिल्लक, C मध्ये ही पातळी, D मध्ये मागवलेला पण न आलेला माल.

```
B2: =SUMIFS('नोंद'!C:C,'नोंद'!B:B,A2)-SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2)
E2: =IF(B2+D2<=C2,"मागवा","")
```

D चा रकाना बरेच जण गाळतात. मग माल वाटेत असतानाही 'मागवा' दिसत राहतं आणि दुसरा माणूस तीच ऑर्डर पुन्हा देतो. माल पोचला की आवक लिहायची आणि D मधला आकडा तेवढाच कमी करायचा. नाहीतर तोच माल दोनदा मोजला जातो.

सर्वांत जास्त घोटाळा कोडमुळे होतो. `EL05` च्या शेवटी चुकून एक स्पेस पडली की एक्सेलला ती वेगळी वस्तू वाटते, म्हणून कोड टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडावा. शिल्लक उणे दिसली, तर बहुधा आवक लिहायची राहिली आहे. आणि शेल्फवर मोजताना ९६ ऐवजी ९१ निघाले, तर जुनी ओळ दुरुस्त करू नका. त्या दिवसाच्या तारखेने ५ ची जावक लिहा आणि शेजारच्या रकान्यात 'मोजणीतला फरक' अशी टीप द्या. महिन्याभराने अशा ओळी वेगळ्या काढल्या, की कोणता माल सतत कमी भरतोय ते दिसतं.