कुरिअरच्या देयकातील ‘वजन तफावत’ : निदान आणि प्रतिकार

दूरगावच्या रुग्णांना महिन्याची औषधे कुरिअरने पाठविणे आता आपल्यापैकी अनेकांच्या नित्यक्रमात आले आहे. अशा प्रत्येक चिकित्सकाच्या वा औषधी विक्रेत्याच्या मासिक हिशेबात केव्हा ना केव्हा ‘वेट डिस्क्रिपन्सी’ ही नोंद आढळते. आपण एक किलोचे भाडे मोजून पार्सल पाठवितो आणि आठवड्याने कळते की ते दोन किलोचे ठरले असून फरकाची रक्कम आपल्या आगाऊ जमेतून वळती झाली आहे. रक्कम लहान असल्यामुळे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तथापि एकाच मापाची शंभर पार्सले जाऊ लागली की हीच रक्कम चूर्णाच्या डबीवरील संपूर्ण नफा खाऊन टाकते. या आकारणीचा हेतू कसा ओळखावा, पुरावा कसा ठेवावा आणि हरकत कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आकारणीची रीत ध्यानी घेतली पाहिजे. कुरिअरवाले पार्सलची दोन वजने पाहतात : काट्यावरचे प्रत्यक्ष वजन आणि पार्सलने व्यापलेल्या जागेवरून काढलेले आकारमानी वजन. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास 5000 ने भागावे, म्हणजे आकारमानी वजन किलोत मिळते. काही करारांत हा भाजक 4000 किंवा 6000 असतो, म्हणून आपला करार उघडून तो पाहून ठेवावा. दोहोंपैकी जे वजन अधिक, ते पुढच्या अर्ध्या किलोच्या टप्प्यापर्यंत वाढवून त्यावर भाडे लागते.

आमच्याकडील नित्याचे उदाहरण घेऊ. अर्धा किलो च्यवनप्राशाची बरणी आणि शंभर ग्रॅम त्रिफळा चूर्ण असे पार्सल खोका, भरणकागद व चिकटपट्टीसह 820 ग्रॅम भरते. खोक्याचे बाहेरील माप 24 × 18 × 11 सेंमी. गुणाकार 4752, म्हणजे आकारमानी वजन 950 ग्रॅम. ते प्रत्यक्ष वजनाहून अधिक आहे, परंतु एक किलोच्या आत आहे. आमच्या करारात पहिल्या अर्ध्या किलोस 45 रुपये व पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस 40 रुपये असा दर असल्याने भाडे 85 रुपये होते.

एका महिन्यात याच पार्सलाची आकारणी दोन किलोची आली. भाडे 165 रुपये. फरक 80 रुपये आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर धरून 94 रुपये 40 पैसे. आम्ही कुरिअरने नोंदविलेली मापे मागविली. त्यांत प्रत्यक्ष वजन 820 ग्रॅम, लांबी 24, रुंदी 18 आणि उंची 22 अशी नोंद होती. निदान येथेच झाले. वजन, लांबी व रुंदी जशीच्या तशी असून केवळ उंची नेमकी दुप्पट होती. अर्थात मोजणीच्या वेळी आमच्या खोक्यावर त्याच मापाचा दुसरा खोका असावा. मोठ्या केंद्रांवर सरकत्या पट्ट्यावरील यंत्र पार्सलची मापे घेते. दोन पार्सले एकमेकांस चिकटून गेली तर यंत्रास ती एकच दिसतात.

परंतु लक्षण एक असले तरी हेतू दोन असू शकतात. आमच्या परिचयाच्या एका औषधी विक्रेत्यांना याच मापाच्या खोक्यावर वारंवार दीड किलोची आकारणी येत होती. त्यांची नोंदलेली उंची साडेबारा सेंमी होती. 24 × 18 × 12.5 म्हणजे 5400. आकारमानी वजन 1.08 किलो. खोका पाहिला तेव्हा भरणकागद दाबून भरल्याने झाकण मध्यभागी फुगलेले होते. यंत्र सर्वांत उंच बिंदू धरते, म्हणून ही आकारणी खरी होती व हरकत टिकली नसती. या खोक्यास साडेअकरा सेंमीपर्यंतच सवलत आहे. त्यापुढे टप्पा बदलतो. पावसाळ्यात दमट झालेला पुठ्ठाही असाच फुगतो. हेतू ओळखण्याची खूण साधी आहे : एकाच मापाच्या खोक्यांवर दरवेळी सारखीच वाढ येत असेल तर दोष बहुधा बांधणीत असतो, शेकड्यातील एखाद्याच पार्सलावर मोठी उडी दिसली तर तो मोजणीत असतो.

आता मोजणीविषयी. खोकेविक्रेते बहुधा आतील माप सांगतात. कुरिअरवाले बाहेरील माप घेतात. तीनपदरी पुठ्ठ्यात दोन्ही बाजू मिळून अर्धा सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो. म्हणून चिकटपट्टी व पत्त्याचा कागद लावून झाल्यावर, सर्वांत फुगीर जागी, टेपने माप घ्यावे. वजनही याच अवस्थेत करावे. औषधाच्या लेबलवरील निव्वळ वजन येथे उपयोगाचे नाही. काट्यावर वैध मापनशास्त्र यंत्रणेचा मुदतीतील शिक्का असावा.

पुराव्यासाठी प्रत्येक पार्सलची चार छायाचित्रे पुरतात : काट्यावर ठेवलेले पार्सल, ज्यात काट्याचा आकडा आणि पत्त्याच्या कागदावरील एडब्ल्यूबी क्रमांक एकत्र दिसतील; आणि लांबी, रुंदी व उंची यांवर टेप लावलेले प्रत्येकी एक. टेपचा शून्य कडेस टेकलेला दिसला पाहिजे, अन्यथा छायाचित्र अमान्य होते. रिकाम्या खोक्याचे अथवा क्रमांक न दिसणारे चित्र निरुपयोगी समजावे. ही चित्रे कुरिअरच्या माणसाकडे पार्सल देण्यापूर्वीच घेऊन एडब्ल्यूबी क्रमांकाच्या नावाने संगणकात ठेवावी.

हरकतीस मुदत असते. अनेक मध्यस्थ सेवांत ती सात दिवसांची आहे. मुदत टळली की आकारणी मान्य केली असे धरले जाते. म्हणून महिनाअखेरची वाट न पाहता आठवड्यातून दोनदा नोंदी तपासाव्यात. हरकतीचा मजकूर त्रोटक आणि आकड्यांचा असावा. आम्ही लिहिला तो असा : ‘सदर पार्सलचे बाहेरील माप 24 × 18 × 11 सेंमी व वजन 820 ग्रॅम आहे. आपल्या नोंदीत वजन, लांबी व रुंदी हीच असून उंची मात्र 22 सेंमी, म्हणजे नेमकी दुप्पट आहे. दोन पार्सले एकत्र मोजली गेल्याचे दिसते. चार छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मोजणीच्या वेळचे आपले छायाचित्र पाठवावे व फरकाची रक्कम परत जमा करावी.’ रक्कम परत मिळाली. पार्सल रुग्णाने न स्वीकारता परत आले असेल तर परतीचे भाडेही त्याच चुकीच्या वजनाने लागलेले असते. त्याची मागणी त्याच पत्रात करावी.

नेहमी त्याच मापात जाणाऱ्या औषधांसाठी काही सेवांत ‘वेट फ्रीझ’ची सोय आहे. उत्पादनाची मापे व छायाचित्रे एकदा मंजूर करून घेतली की त्या पार्सलाची आकारणी मंजूर वजनानेच होते. मात्र ही मंजुरी त्या विशिष्ट बांधणीपुरती असते. बरणी वा खोका बदलला, अथवा त्याच खोक्यात दुसरी डबी घातली, की ती लागू राहत नाही.

छायाचित्रे घेण्यास दर पार्सलामागे दोन-तीन मिनिटे जातात. ज्यांची पार्सले टप्प्याच्या मर्यादेपासून दूर आहेत, त्यांनी सर्वांची चित्रे घेण्यापेक्षा प्रत्येक मापाच्या खोक्याचे आकारमानी वजन एकदा काढून भिंतीवर लावावे आणि मर्यादेजवळचे खोके निवडून त्यांचीच चित्रे घ्यावी. आमच्या खोक्याची उंची एक सेंमीने कमी केली तर आकारमानी वजन 864 ग्रॅमवर येते. झाकण किंचित फुगले तरी पार्सल एक किलोच्या आतच राहते. पुढील खोक्यांची मागणी आम्ही त्याच मापाची दिली आहे.