बारा तारीख की तेरा?

आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठ लिपिकाच्या छातीत रात्री साडेदहाला कळ आली. घाम फुटला, डावा हात जड झाला. मुलानं रिक्षात घालून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेलं, तेव्हा घड्याळात पावणेबारा वाजले होते. कॅज्युअल्टीत ईसीजी निघाला आणि पहाटे अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. पाचव्या दिवशी माणूस चालत घरी आला. त्याच्या बिलाला मात्र चालायला पुढे सात महिने लागले, कारण कॅज्युअल्टीच्या कागदावर 12 मार्च होता आणि रुग्णालयाच्या बिलावर 13 मार्च.

मी आस्थापना शाखेत आहे. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची प्रकरणं माझ्याच टेबलावर येतात. लोकांना वाटतं, पैसे भरले, पावत्या जोडल्या, की झालं. पावत्यांवरून फक्त खर्च किती झाला ते कळतं. तो का झाला आणि खाजगी रुग्णालयातच का, हे डिस्चार्ज कार्डावरून कळायला हवं. आणि हा माणूस आमचाच आहे, हा रुग्ण त्याच्या कुटुंबातलाच आहे, याची हमी कार्यालयप्रमुखाच्या पत्रात असते. ही तीन कागदपत्रं एकमेकांशी जुळली नाहीत, की बिल त्रुटीत परत येतं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी मूळ अपेक्षा अशी की उपचार सरकारी रुग्णालयात घ्यावेत. खाजगीत गेलात तर कारण लागतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयात 27 आकस्मिक आजारांची आणि 5 गंभीर आजारांची यादी आहे. हृदयविकाराचा झटका आकस्मिकमध्ये येतो, अँजिओप्लास्टी गंभीरमध्ये. म्हणजे आमच्या माणसाचं प्रकरण दोन्ही बाजूंनी बसत होतं. तरीही ते अडलं, आणि अडलं ते डिस्चार्ज कार्डावर.

डिस्चार्ज कार्ड लिहितो निवासी डॉक्टर, तेही सुट्टीच्या दिवशी सकाळी, बिलाच्या खिडकीवर नातेवाईक ताटकळत असताना. आमच्या कार्डावर ‘अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीसाठी दाखल’ एवढंच होतं. रात्री कळ आली, घाम आला, ईसीजीत बदल दिसले, यातलं एक अक्षर नाही. वाचणाऱ्याला वाटावं, गृहस्थ तारीख ठरवून आरामात दाखल झाले. फाइल पडताळणीसाठी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, आमच्या भाषेत ‘सिव्हिलला’, गेली आणि दोन महिन्यांनी शेरा घेऊन परतली: आकस्मिकता स्पष्ट होत नाही, दाखल दिनांकात तफावत आहे.

तफावतीचं उत्तर साधं होतं. दाखल मध्यरात्रीच्या आधी झाला, बिलाच्या संगणकात नोंद मध्यरात्रीनंतर झाली. पण ते लेखी कोण देणार? कॅज्युअल्टीच्या पहिल्या कागदावर वेळ होती, ‘23.45’. त्याची साक्षांकित प्रत, ईसीजीची पट्टी आणि ट्रोपोनिनचा रिपोर्ट घेऊन मुलगा परत रुग्णालयात गेला. डॉक्टरांनी लेटरहेडवर प्रमाणपत्र दिलं: रुग्ण तातडीच्या अवस्थेत आला, जिवाला धोका असल्यामुळे तात्काळ अँजिओप्लास्टी करावी लागली. हे प्रमाणपत्र डिस्चार्जच्या दिवशी मागितलं असतं तर दहा मिनिटांत मिळालं असतं. आता तीन खेपा झाल्या. ईसीजीची पट्टी थर्मल कागदावर असते आणि कालांतरानं फिकी पडते, म्हणून तिची झेरॉक्स पहिल्याच आठवड्यात काढून ठेवायला मी आता सगळ्यांना सांगतो.

आता बिलं. एकूण मागणी 1,80,040 रुपयांची होती: रुग्णालयाचं बिल 1,62,500, बाहेरच्या औषधांचं 11,240 आणि तपासण्यांचं 6,300. हे सगळं मी एका मोठ्या तक्त्यात उतरवलं. तारीख, बिल क्रमांक, दुकान, रक्कम. रुग्णाचं नाव नसलेली पावती मी चढवतच नाही. प्रत्येक मूळ बिलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि शिक्का घेतला. औषधाच्या दुकानातल्या पावत्या पाहिल्या तर त्यात प्रोटीन पावडर 1,180 ची, डायपर 640 चे, आणि घरी गेल्यावरची औषधं 2,310 ची. रुग्णालयाच्या बिलात जेवण 1,400 आणि ‘फाइल चार्ज’ म्हणून 500. या सगळ्यांचे मिळून 6,030 रुपये कापले गेले. तो तीन दिवस एकट्याच्या खोलीत होता, त्याच्या वेतनाप्रमाणे लागू खोलीपेक्षा ती रोज दीड हजारानं महाग. तेही 4,500 गेले. मंजूर झाले 1,69,510. आपल्याला साडेदहा हजारांचा फटका बसला असं तो म्हणतो. मी म्हणतो, प्रोटीन पावडरची पावती आपण होऊन काढून ठेवली असती, तर तपासणाऱ्याला बाकीच्या पावत्यांकडेही संशयानं बघावंसं वाटलं नसतं.

स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर मात्र त्यानं जपून ठेवलं होतं. त्यावर कंपनी, आकार आणि अनुक्रमांक असतो. स्टेंटच्या किमतींवर 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं कमाल मर्यादा घातली, तेव्हा औषधलेपित स्टेंटसाठी ती 29,600 रुपये ठरली होती. नंतर ती बदलत गेली. बिलात लावलेली किंमत आणि स्टिकरवरचा स्टेंट एकच आहेत का, हे त्यामुळे पडताळता येतं.

राहिलं साहेबांचं पत्र. पहिल्या खेपेला आमच्या जुन्या साच्यातूनच ते गेलं होतं: ‘सोबत प्रस्ताव पुढील कार्यवाहीसाठी सविनय सादर.’ असं पत्र पोस्टमनसुद्धा लिहील. त्यात दाखल तारीख मी बिलावरून 13 उतरवली होती, ही चूक माझीच. दुसऱ्या खेपेला साहेबांना मी चार वाक्यं लिहून दिली. सदर कर्मचारी सेवेत कायम असून सेवापुस्तकातील नोंदीवरून खातरजमा केली आहे. ते दि. 12 रोजी रात्री 11.45 वाजता दाखल झाले, बिलावरील दि. 13 हा मध्यरात्रीनंतरच्या नोंदीमुळे आहे. आजार यादीतील आहे. मागणी अंकी व अक्षरी इतकी, सहपत्रं इतकी, शिफारस करण्यात येते. हजेरीपटाची प्रतही जोडली: 12 ला तो हजर होता, रजा 13 पासून. त्याच्याकडून हमीपत्र घेतलं की हा खर्च त्यानं दुसऱ्या कुठूनही घेतलेला नाही. अर्धवट विमा असणाऱ्यांचं इथंच घोडं पेंड खातं.

यादीबाहेरच्या रुग्णालयाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला आहे. केंद्राच्या एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याची उपचारांची बिलं अडली होती. त्यातलं एक रुग्णालय मुंबईचं होतं. एप्रिल 2018 मध्ये न्यायालयानं सांगितलं की रुग्णालय यादीत नाही एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, उपचार खरोखर घेतले आणि ते प्रमाणित झाले आहेत का, हे बघा. तो निकाल केंद्राच्या योजनेबद्दलचा आहे, आणि टेबलावर तो दाखवून लगेच पैसे मिळत नाहीत. पण बघायचं काय, ते त्यात नेमकं आहे.

दुसऱ्यांदा सिव्हिलहून फाइल पाच आठवड्यांत आली. मंजुरी आदेश निघाला, देयक कोषागारात गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये पैसे खात्यावर पडले. फाइल अभिलेखात टाकण्याआधी मी त्याला बोलावून स्टिकरची झेरॉक्स दिली. मूळ स्टिकर फाइलमध्ये चिकटलेलं. झेरॉक्स त्यानं घडी घालून पाकिटात, रक्तगटाच्या कार्डामागे ठेवली.