मोठा कपॅसिटर म्हणजे स्वच्छ डीसी?

पॉवर सप्लायवर चालणारा अँप्लिफायर गुणगुणू लागला की ‘मोठा कपॅसिटर टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. त्यामागचा समज असा, की कपॅसिटर ही एसीचा गाळ अडवणारी गाळणी आहे. प्रत्यक्षात तो ठरावीक वेळी येणाऱ्या नळाखालची टाकी असतो. ब्रिजमधले चार डायोड जोडीजोडीने आळीपाळीने चालतात आणि खालची अर्धी लाट वर उलटवतात. त्यामुळे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेतून सेकंदाला १०० कमानी मिळतात. टाकी भरते ती कमानीच्या माथ्याजवळच. उरलेला वेळ डायोड बंद असतात आणि लोड एकट्या कपॅसिटरवर चालतो. ऑसिलोस्कोपवर झटकन चढ आणि मग लांब, तिरका उतार दिसतो. त्या उतारात व्होल्टेज जेवढं घटतं, तेवढा रिपल.

म्हणजे रिपल कपॅसिटरइतकाच लोडवरही अवलंबून आहे. काहीही न जोडता मीटर लावून ‘डीसी अगदी स्थिर आहे’ म्हणणं व्यर्थ. टाकीतून पाणी काढलंच नाही तर पातळी कशी उतरेल? १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊ. त्याचा माथा सुमारे १७ व्होल्ट. दोन डायोडांत १.४ गेले की उरतात साधारण १५.५. लोड अर्धा अँपिअर. अंदाजी हिशोब सोपा आहे: प्रवाहाला १०० ने आणि फॅरडमधल्या कपॅसिटरने भागायचं. १००० मायक्रोफॅरडला रिपल येतो ५ व्होल्ट, २२०० ला सुमारे २.३, १०,००० ला अर्धा. पुढे ७८०९ रेग्युलेटर असेल तर त्याला दरीतही साधारण ११ व्होल्ट हवेत. १००० वर दरी १०.५ ला जाते, म्हणून गुणगुण. २२०० वर ती १३.२ ला थांबते, मेन्सचं व्होल्टेज थोडं पडलं तरी भागतं.

मग १०,००० च लावून निश्चिंत का होऊ नये? कारण लोडने काढलेला भार डायोडांना परत भरावाच लागतो, आणि उतार जितका कमी तितका भरायचा वेळ कमी. आदर्श ट्रान्सफॉर्मर धरला तर २२०० ला दर कमानीत सुमारे १.७ मिलिसेकंद मिळतात, १०,००० ला ०.८. तेवढाच भार निम्म्या वेळात, म्हणजे प्रवाहाचा झटका दुप्पट. खऱ्या ट्रान्सफॉर्मरचा रोध तो थोडा बोथट करतो, पण वाइंडिंग जास्त तापतं. चालू करताना रिकाम्या कपॅसिटरकडे धावणारा लोंढाही वाढतो.

शिवाय दोष कपॅसिटरचाच असेल असं नाही. एक डायोड उघडा पडला की एक जोडी बंद होते, कमानी ५० च उरतात आणि २२०० वरचा रिपल साडेचारच्या घरात जातो. दरी ११ च्या खाली. आता मोठा कपॅसिटर टाकला तर गुणगुण थांबेलही, पण सगळा भार उरलेल्या दोन डायोडांवर. म्हणून आधी रिपलची वारंवारता बघावी: १०० हर्ट्झ असेल तर संशय कपॅसिटरवर, ५० असेल तर ब्रिजवर.