न दिसणारे घरकाम आणि गृहिणीचा स्वतःचा वेळ

मंगळवारी मुलांच्या डब्यात मटकीची उसळ द्यायची असेल, तर मटकी रविवारीच भिजवावी लागते. दहा-बारा तास भिजल्यावर ती उपसून फडक्यात बांधायची आणि मोड येण्यासाठी आणखी एक दिवस ठेवायची. मंगळवारी सकाळी उसळ फोडणीला टाकायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. घरातल्या इतरांना दिसतात ती एवढीच मिनिटे. त्याआधी कोणीतरी आठवड्याचे डबे मनात मांडलेले असतात, धाकट्याला काय आवडत नाही ते लक्षात ठेवलेले असते, डब्यातली मटकी संपत आल्याचे पाहून ती वाण्याच्या यादीत लिहिलेली असते. दुपारी डबा परत आल्यावर उसळ संपली की उरली, हेही कोणीतरी पाहते. बहुतेक घरांत हे सगळे करणारी व्यक्ती गृहिणी असते.

घरकामातल्या या मानसिक भागाचा नेमका अभ्यास अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी या भागाचे चार टप्पे सांगितले: गरज आधीच ओळखणे, ती भागवण्याचे पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरले ते पार पडते आहे ना यावर लक्ष ठेवणे. त्यांनी ज्या जोडप्यांशी बोलणे केले, त्यांत निर्णय बरेचदा दोघे मिळून घेत होते. पण पहिला आणि शेवटचा टप्पा, म्हणजे आधी ओळखणे आणि मागाहून लक्ष ठेवणे, हे मुख्यतः स्त्रियांकडे होते. या दोन टप्प्यांना ठरलेली वेळ नसते. ते आंघोळ करताना, बसमध्ये, अंथरुणावर पडल्यावरही चालू राहतात. दिवसभर फार काही केले नाही असे वाटत असतानाही गृहिणी थकलेली असते, याचे एक मोठे कारण इथे आहे.

मोजणीतून सुटलेले श्रम

हे श्रम घरातच नव्हे, देशाच्या हिशेबातही दिसत नाहीत. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी उत्पादनात धरली जाते. त्याच ज्वारीची घरात थापलेली भाकरी मात्र धरली जात नाही, कारण कुटुंबाने स्वतःसाठी केलेल्या बिनमोल सेवा या पद्धतीत उत्पादनाच्या बाहेर ठेवल्या आहेत. तीच भाकरी खानावळीत विकली, की तिची गणना होते.

ही उणीव काही प्रमाणात वेळेच्या पाहणीने भरून निघते. भारतात २०१९मध्ये पहिली देशव्यापी वेळ-वापर पाहणी झाली आणि २०२४मध्ये दुसरी. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांचे, आजाऱ्यांचे आणि वृद्धांचे करण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा मोजला जातो. न्यायालयांनीही या श्रमांची दखल घेतली आहे. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघाती नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल असल्याचे स्पष्ट केले आणि तिचे मानीव उत्पन्न धरून भरपाई ठरवणे योग्य मानले. मात्र हे मोल गृहिणीच्या मृत्यूनंतर किंवा तिला अपंगत्व आल्यावर ठरते. रोजच्या जगण्यात तिला त्याचा प्रत्यय येत नाही.

कमीपणा कसा रुजतो

स्वतःबद्दलचा कमीपणा एखाद्या अपमानातून येतो असे नाही. तो या कामाच्या स्वरूपातूनच हळूहळू तयार होतो. एक तर घरकाम झाले की दिसत नाही, राहिले की दिसते. भाजीत मीठ बेताचे पडले, तर कोणी बोलत नाही. कमी पडले, की लगेच कळते. त्यामुळे गृहिणीच्या कानावर कामाविषयी जे शब्द पडतात, त्यांत चुकांचा वाटा मोठा असतो. दुसरे, या कामाला शेवट नाही. घासलेली भांडी चार तासांत पुन्हा मोरीत येतात. पूर्ण झालेले काम मागे वळून पाहण्याचे समाधान फार क्वचित मिळते. तिसरे, पगार, बढती, सुट्टी, निवृत्ती यांपैकी एकही खूण या कामाला नाही. अखेर 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर ती स्वतःच देऊ लागते. मग पाच मिनिटे बसली तरी अपराधी वाटते, कारण जी काही करत नाही तिला विश्रांतीचा हक्क कसा, हा हिशेब तिच्याही मनात पक्का झालेला असतो.

म्हणून केवळ 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला कामाचा ठरत नाही. आधी न दिसणारे काम कागदावर यावे लागते, मग त्यातले काही पूर्णपणे दुसऱ्याकडे जावे लागते आणि त्यानंतरच मोकळी झालेली जागा स्वतःची म्हणून राखता येते.

एका दिवसाची वही

सरकारी पाहणीची रीत घरीही वापरता येते. तिथे पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत लिहिले जातात आणि एकाच वेळी केलेली एकाहून अधिक कामेही नोंदवली जातात. घरच्या वहीत तीन रकाने पुरेत: हात काय करत होते, त्याच वेळी दुसरे काय चालू होते आणि डोक्यात काय होते. एक कामाचा दिवस आणि एक रविवार लिहावा. दिवस संपल्यावर आठवून लिहिले, तर छोटी कामे सुटतात. म्हणून दर दोन-तीन तासांनी चार शब्द टिपलेले बरे.

उदाहरणादाखल नवरा, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई असे एक घर घेऊ. या गृहिणीच्या वहीत मोकळा वाटणारा वेळ तीन ठिकाणी सापडतो. दुपारी दोन ते अडीच ती आडवी होते. तीन ते चार मालिका पाहते, पण दुसऱ्या रकान्यात 'मेथी निवडली' असे आहे. रात्री साडेनऊ ते साडेदहा मोबाइल हातात आहे, मात्र कपड्यांच्या घड्याही चालू आहेत आणि तिसऱ्या रकान्यात 'उद्याचा डबा, शाळेची फी, सासूबाईंच्या गोळ्या' असे लिहिलेले आहे. बेरीज अडीच तासांची होते. त्यात निखळ मोकळा वेळ अर्धाच तास आहे. 'दुपारी तर तू मोकळीच असतेस' या घरच्यांच्या समजुतीचे आणि तिच्या थकव्याचे कोडे या नोंदीतून उलगडते. वही कोणाला दोषी ठरवण्यासाठी नाही. घरातल्या प्रत्येक प्रौढाने त्याच दिवशी आपापली वही लिहिली, तर पुढचे बोलणे तक्रारीवर न राहता नोंदींवर होते.

काम सोपवायचे ते मुळापासून

'काय करायचं ते सांग, मी करतो' हे वाक्य सद्‌भावनेने म्हटले जाते, पण त्याने ओझे फारसे हलके होत नाही. ओळखणे, ठरवणे आणि लक्ष ठेवणे हे सांगणाऱ्याकडेच राहते. म्हणून वाटणी करताना दहा कामांत थोडी-थोडी मदत घेण्याऐवजी एक काम त्याच्या चारही टप्प्यांसह द्यावे.

वरच्या घरात मंगळवार आणि गुरुवारचे डबे नवऱ्याकडे दिले, असे धरू. याचा अर्थ काय द्यायचे ते तोच ठरवणार, मटकी लागणार असेल तर रविवारी तोच भिजवणार, सामान संपले तर तोच आणणार आणि डबा उरला तर कारणही तोच शोधणार. सुरुवातीलाच दोघांनी किमान अपेक्षा ठरवावी: डबा वेळेत भरलेला हवा, पोटभर हवा आणि मुलांना खाता यायला हवा. पोळ्या गोल असाव्यात, ही त्यात अट नको. पहिल्या आठवड्यात मटकी भिजवायची राहण्याची शक्यता बरीच आहे. त्या सकाळी पोहे द्यावे लागतील. इथेच बहुतेक वाटण्या मोडतात, कारण रविवारी रात्री गृहिणी आठवण करून देते किंवा गुपचूप मटकी भिजवून ठेवते. तसे केले, की पहिला टप्पा पुन्हा तिच्याकडे येतो. डब्यात पोहे गेल्याने मुलांचे नुकसान होत नाही. म्हणूनच सुरुवातीला औषधांसारखे काम न सोपवता, चुकले तरी निभावून जाईल असे काम निवडावे.

सासूबाईंना ही वाटणी रुचली नाही, तर बोलणे मुलाने करावे. सुनेने ते केले, तर ते समजावण्याचे कामही तिच्याच खात्यात जमा होते.

मोकळा वेळ राखणे

काम गेले म्हणून वेळ आपोआप उरत नाही. रिकाम्या जागेत लगेच माळा आवरणे, डबे घासणे शिरते. त्यासाठी वेळेला वार, तास आणि जागा असावी. उदाहरणार्थ, दर बुधवारी चार ते साडेपाच, घराबाहेर. नळाला पाणी येण्याची आणि मुले शाळेतून परतण्याची वेळ टाळून ती ठरवावी. घरातच राहिले, तर हाक येते. गावातले वाचनालय, मैत्रिणीचे घर, गाण्याचा किंवा पोहण्याचा वर्ग, नुसते चालणे यांतले काहीही चालते. त्या वेळात काहीतरी उपयुक्त घडलेच पाहिजे असे नाही. बचत गटाची बैठक किंवा स्वतःच्या घरचे हळदीकुंकू आनंदाचे असले, तरी ते या वेळेत धरू नये, कारण तिथे जबाबदारी सोबत असते.

या उपायांना मर्यादा आहेत. ज्या घरात पाणी लांबून आणावे लागते किंवा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे एकटीला करावे लागते, तिथे वाटणीने पुरेसा वेळ निघत नाही. तिथे पाण्याची सोय आणि बाहेरची मदत आधी लागते. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकारही असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच रस न उरणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर वेळापत्रक हा उपचार नव्हे. डॉक्टरांकडे जावे किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. जगणे नकोसे वाटू लागले, तर जराही थांबू नये.

महिन्याभराने वही पुन्हा लिहावी. त्यात एकूण कामाचे तास किती घटले, याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी पाहायच्या: सलग मोकळा वेळ अर्ध्या तासावरून किती झाला आणि मंगळवारचा डबा तिसऱ्या रकान्यातून गेला का. डबा नवरा भरतो, पण त्याची चिंता अजून तिच्याच रकान्यात आहे असे दिसले, तर काम सोपवलेले नाही, फक्त उरकून घेतले आहे. अशा वेळी नवे काम न देता तेच काम पुन्हा मुळापासून सोपवावे.